एक्झिट तिकीट म्हणजे छोटी चाचणी नव्हे

तास संपताना मुलांनी एका छोट्या प्रश्नाचं उत्तर चिटोऱ्यावर लिहून द्यायचं, ते एक्झिट तिकीट. शिक्षकांसाठी या तिकिटांची कार्यशाळा ठरवली की पहिल्या अर्ध्या तासात कुणीतरी विचारतंच, "सर, हे किती गुणांचं ठेवायचं?" मागून दुसरा प्रश्न येतो, "याची नोंद कुठल्या रकान्यात घ्यायची?" वर्गात मुलंही तेच विचारतात. कागदाचा चिटोरा हातात पडला की पहिला आवाज, "बाई, हे किती मार्कांना आहे?" अनेक वर्षं हे प्रश्न ऐकल्यावर माझी खात्री झाली आहे की तिकीट कसं लिहावं हे शिकवण्याआधी चाचणी आणि तिकीट यांतला फरक पक्का करून घ्यावा लागतो. तो झाला नाही तर कार्यशाळेतून शिक्षक बाहेर पडतात ते फक्त लहान आकाराच्या चाचण्या घेऊन.

चाचणीबद्दल तुम्हाला काही सांगायला नको. घटक शिकवून झाला, दहा-वीस गुणांचा पेपर काढला, तपासला, गुण भरले.

हा गोंधळ शिक्षकांच्या आळसातून आलेला नाही. 'फॉर्मेटिव्ह' हा शब्द मूल्यमापनात आणला मायकेल स्क्रिव्हन यांनी, १९६७ मध्ये. काम चालू असतानाच ते सुधारता यावं म्हणून केलेली पडताळणी, असा त्याचा अर्थ होता. महाराष्ट्रात २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि फॉर्मेटिव्हसाठीचा 'आकारिक' हा मराठी शब्द प्रत्येक शिक्षकाच्या तोंडी बसला. पण तो गुणांच्या कोष्टकासकट आला. सहावीला १०० पैकी ५० गुण आकारिकचे. दैनंदिन निरीक्षणापासून प्रकल्पापर्यंत आठ साधनतंत्रं ठरली, आणि चाचणी हे त्यातलंच एक. त्यामुळे 'आकारिक' म्हटलं की आपल्याला वही आणि रकाने दिसतात. कार्यशाळेत 'आकारिक पडताळणीसाठी एक्झिट तिकीट' असं म्हटलं की शिक्षक ते आपोआप त्या रकान्यांत बसवतात.

तिकिटाला रकाना नसतो. चाचणी मुलाबद्दल काहीतरी सांगते, तर तिकीट तुम्हाला उद्याच्या तासाची पहिली दहा मिनिटं कशी घालवायची ते सांगतं. हा फरक नुसता हेतूचा वाटतो, पण खरं तर प्रश्न कसा लिहायचा हेच त्याने बदलतं. माझ्या कार्यशाळेचा निम्मा वेळ मी यावरच देतो, आणि तोही एकाच उदाहरणावर.

सहावीचा वर्ग, दशांश अपूर्णांकांचा लहान-मोठेपणा. तास संपताना शिक्षक फळ्यावर लिहितात: ०.४, ०.३५, ०.१२५. यातली सर्वांत मोठी संख्या कोणती? समजा ३८ मुलांपैकी २६ जणांनी ०.४ लिहिलं आणि १२ जणांनी ०.१२५. चाचणी म्हणून हा प्रश्न ठीक आहे. दोन तृतीयांशाहून जास्त मुलांचं बरोबर, बाराजणांना थोडा सराव देऊ आणि पुढे जाऊ.

आता त्या २६ जणांच्या डोक्यात काय आहे ते पाहू. दशांशांत दोन चुकीचे समज फार पक्के असतात. पहिला, जितके अंक जास्त तितकी संख्या मोठी. १२५ हे ३५ पेक्षा मोठे, म्हणून ०.१२५ मोठी. 'शून्य पॉइंट एकशे पंचवीस' असं वाचायची सवय हा समज आणखी घट्ट करते, म्हणून वर्गात 'शून्य पॉइंट एक दोन पाच' असंच वाचलं पाहिजे असा माझा आग्रह असतो. दुसरा समज उलटा आहे: जितके अंक कमी तितकी संख्या मोठी. मुलाने ऐकलेलं असतं की शतांश दशांशापेक्षा लहान आणि सहस्रांश त्याहून लहान. त्यावरून ते ठरवतं की ज्या संख्येत शतांश आले ती लहानच. हे मूलसुद्धा ०.४ असंच उत्तर लिहितं. त्याची समज चुकीची आहे आणि उत्तर बरोबर आहे. तुम्ही त्याला बरोबरची खूण देता, आणि चूक पक्की होते.

आता संख्या बदला: ०.३, ०.४५, ०.२७५. जास्त अंक म्हणजे मोठी असं मानणारं मूल ०.२७५ निवडतं, कमी अंक म्हणजे मोठी असं मानणारं ०.३, आणि ज्याला स्थानिक किंमत समजली आहे ते ०.४५. तीन विचार, तीन वेगळी उत्तरं. त्याच वर्गात आता ०.४५ वाले २१, ०.२७५ वाले १२ आणि ०.३ वाले ५ असे गट पडतात. मघाच्या २६ 'बरोबर' मुलांत लपलेली ही पाच मुलं पहिल्या प्रश्नाला कधीच सापडली नसती. तिकिटाचा प्रश्न असा लिहावा लागतो. आधी चुकीचे समज लिहून काढायचे, मग प्रत्येक समजाचं उत्तर वेगळं येईल असे आकडे शोधायचे. चाचणीचा प्रश्न आपण बरोबर उत्तरापासून सुरू करतो, तिकिटाचा चुकीच्या उत्तरांपासून.

आणि मग उद्याचं काय? बाराजणांसाठी शंभर चौकटींचा कागद: ०.३ म्हणजे तीन पूर्ण पट्ट्या रंगवा, ०.२७५ म्हणजे दोन पट्ट्या, सात चौकटी आणि एक अर्धी चौकट. कुठला भाग जास्त भरला ते डोळ्यांना दिसतं. इथे बरेच शिक्षक 'शून्य लावून अंक सारखे करा' ही युक्ती देतात, आणि ती मला अजिबात मान्य नाही. ०.३००, ०.४५०, ०.२७५ असं लिहिल्यावर मूल ३००, ४५० आणि २७५ यांचीच तुलना करतं. उत्तर बरोबर येतं आणि पूर्ण संख्यांचा तो जुना विचार तसाच राहतो. पाचजणांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांना ०.४५ फोडून दाखवायला हवं: चार दशांश आधीच आहेत, पाच शतांश त्यांत आणखी मिळाले, मग ही संख्या तीन दशांशांपेक्षा लहान कशी होईल? दोन्ही गटांना एकच 'अधिक सराव' देणं म्हणजे तिकीट वाया घालवणं.

गुण का देऊ नयेत, याचं उत्तरही इथेच आहे. गुण दिसले की मूल शेजारच्याचं बघतं, उत्तर हाताने झाकतं, खोडून पुन्हा लिहितं. तुम्हाला त्याची खरी समजूत हवी होती, मिळालं त्याचं सुरक्षित उत्तर. रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात काही मुलांना फक्त शेरे दिले, काहींना फक्त गुण, काहींना दोन्ही. सुधारणा दिसली ती फक्त शेरे मिळालेल्या गटात. गुणांबरोबर शेरे दिले तरी उपयोग झाला नाही. वहीत आकारिक गुण भरायचेच आहेत, तर ते चाचणी, स्वाध्याय, प्रकल्पातून घ्या. तिकिटावर नाव लिहू द्या, गुण नकोत. लाल पेनही नको.

झटपट पोल म्हणजे एका प्रश्नाला पर्याय देऊन सगळ्या वर्गाचं उत्तर एकदम घेणं. तिकीट आणि पोल यांतला फरक त्यामानाने सोपा आहे. पोल तासाच्या मधोमध घ्यायचा, निर्णय त्याच मिनिटाला. तिकीट शेवटी, निर्णय संध्याकाळी. पोलमध्ये 'का' विचारायला वेळ नसतो आणि तीन पर्यायांत अंदाजानेही तिघांतल्या एकाचं बरोबर येऊ शकतं, म्हणून त्याच धर्तीचा दुसरा प्रश्न लगेच विचारावा. तिकिटावर मात्र उत्तराखाली 'असं का वाटतं' ही एक ओळ हवीच. पोलसाठी एक, दोन, तीन बोटं छातीशी धरून सगळ्यांनी एकदम दाखवायची. हात वर करा म्हटलं की निम्मी मुलं वर्गातल्या हुशार मुलाकडे बघून हात वर करतात. आणि 'समजलं का?' विचारून मिळणारा 'होऽऽ' हा पोल नाही. कार्यशाळेत त्याला पोल म्हणू देऊ नये.

साधन कोणतं, हा सर्वांत किरकोळ प्रश्न. मी एकदा अशा प्रशिक्षणाला बसलो होतो जिथे तीन तासांतले दोन तास मोबाइलवर अ‍ॅप उतरवण्यात आणि लॉगिन करण्यात गेले. प्रश्न म्हणून वापरला होता 'महाराष्ट्राची राजधानी कोणती'. त्यातून उद्या कुणी काय बदलणार? पाठकोऱ्या कागदाचे चौथे भाग पुरतात. ज्या शाळेत शिक्षकाकडेच एक फोन आहे तिथे छापील कार्डं कॅमेऱ्याने वाचणारं अ‍ॅप चांगलं चालतं, पण ते प्रश्न लिहिता यायला लागल्यावर.

म्हणून तीन तासांची आखणी मी अशी ठेवतो. सुरुवातीला व्याख्यान नाही. शिक्षकांनाच ०.४ वाला प्रश्न देतो आणि विचारतो, हे उत्तर चुकीच्या विचाराने कोणाकोणाचं बरोबर येईल? वीस मिनिटं यात जातात आणि जाऊ द्यावीत. मग दीड तास प्रश्नलेखन. निरोपातच सांगितलेलं असतं की आपल्या विषयाच्या मुलांच्या दहा वह्या बरोबर आणा. वह्यांतून एका घटकाचे दोन-तीन चुकीचे समज मुलांच्याच शब्दांत काढायचे, मग प्रश्न. शेजारच्या जोडीने तो प्रश्न फोडून दाखवायचा: चुकीच्या विचाराने बरोबर उत्तर येतंय का? येत असेल तर आकडे किंवा पर्याय बदला. बहुतेक प्रश्न पहिल्या फेरीत फुटतात. भाषेचे शिक्षक म्हणतात आमच्याकडे असे समज नसतात. मी त्यांना 'मी आंबा खाल्ला' आणि 'आईने आंबा खाल्ला' ही दोन वाक्यं देऊन प्रयोग ओळखायला लावतो. दोन्हींत कर्मणी प्रयोगच आहे, पण 'मी' ला प्रत्यय दिसत नाही म्हणून पहिलं वाक्य कर्तरी ठरवणारी मुलं त्यांच्याही वर्गात असतात.

पुढची चाळीस मिनिटं गठ्ठ्यांची. खऱ्या वर्गातली, नावं झाकलेली तीसेक तिकिटं प्रत्येक गटाला देतो आणि घड्याळ लावतो, आठ मिनिटं. बरोबर-चूक अशा खुणा करायच्या नाहीत, विचारानुसार तीन गठ्ठे करायचे. आठ मिनिटांत होत नसेल तर दोष तिकिटाचा, त्यावर प्रश्न जास्त झालेत. पाच प्रश्नांचं तिकीट घरी नेऊन तपासावं लागतं, आणि तपासायला नेलेलं तिकीट दुसऱ्या दिवशीच्या तासाआधी परत येत नाही. एक प्रश्न, फार तर दोन.

उरलेल्या अर्ध्या तासात प्रत्येकाने आपल्या तिकिटामागे तीन वाक्यं लिहायची: पहिला गठ्ठा मोठा निघाला तर उद्या मी हे करीन, दुसरा निघाला तर हे, तिसरा निघाला तर हे. तिन्ही वाक्यांत 'पुन्हा समजावीन' असंच आलं असेल तर मी तिकीट परत देतो, कारण गठ्ठा कुठलाही निघाला तरी त्या शिक्षकाचा उद्याचा तास तोच राहणार आहे. पंधरा दिवसांनी पुढच्या शिक्षण परिषदेला येताना आपले तीन गठ्ठे रबर लावून आणायला सांगतो, वर दुसऱ्या दिवशी काय केलं त्याची एक ओळ. ज्या गठ्ठ्यांवर गुण लिहिलेले असतात ते आम्ही उघडत नाही. ते तिकीट बिनगुणांचं पुन्हा एकदा घ्यायला सांगतो.