दहा हजार सबस्क्रायबर आणि ८३ तास

यूट्यूबवर सबस्क्रायब करायला एक क्षण पुरतो, पण तो माणूस पुन्हा आला का, हे कळायला तीन महिने लागतात. चॅनेलच्या पानावर मोठ्या अक्षरात दिसणारा आकडा फक्त तो क्षण मोजतो. त्यापुढे काय झालं हे शोधायचं असेल, तर सबस्क्रायबर कोणत्या वाटेने आला आणि त्यानंतर त्याने किती मिनिटं पाहिलं, या दोन गोष्टी जोडाव्या लागतात. खरी अडचण इथेच आहे, कारण ही जोडणी यूट्यूब आपल्याला करून देत नाही.

यूट्यूब स्टुडिओच्या अॅनालिटिक्समध्ये दोन वेगवेगळे तक्ते मिळतात. Subscription source या तक्त्यात लोकांनी बटण कुठे दाबलं ते दिसतं: व्हिडिओच्या पानावर, चॅनेलच्या पानावर, शॉर्ट्स सरकवताना, की आणखी कुठे. Subscription status या तक्त्यात पाहिलेला वेळ दोन भागांत येतो, सबस्क्रायबरांनी पाहिलेला आणि इतरांनी पाहिलेला. पण ‘शॉर्ट्समधून आलेल्यांनी नंतर किती पाहिलं’ असा रकाना कुठेच नसतो. प्रेक्षकांची खाजगी माहिती एकेका माणसागणिक चॅनेलवाल्याच्या हाती पडत नाही आणि ते योग्यही आहे. म्हणून घोळक्यांच्या आकड्यांवरून अनुमान काढावं लागतं. एखाद्या नळातून किती पाणी येतं हे थेट मोजता येत नसेल, तर तेवढा एकच नळ सुरू करून टाकीची पातळी किती चढली ते आपण पाहतो. तसंच हे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. शिवणकाम शिकवणाऱ्या एका ताईंचं चॅनेल आहे. कटोरी ब्लाउजचं कटिंग, अस्तर लावणं, गळ्याचे प्रकार असे वीस-पंचवीस मिनिटांचे चार व्हिडिओ त्या दर महिन्याला टाकतात. त्यातून दरमहा साधारण ५०० नवे सबस्क्रायबर मिळतात, बहुतेक सगळे व्हिडिओच्या पानावरूनच. जानेवारीत सबस्क्रायबरांनी त्यांचे मोठे व्हिडिओ मिळून ८०,००० मिनिटं पाहिले. मग दर महिन्याला त्यात सुमारे १,५०० मिनिटांची भर पडत गेली आणि मे महिन्यात आकडा ८६,००० झाला. ५०० माणसांमागे १,५०० मिनिटं, म्हणजे एका नव्या सबस्क्रायबरमागे महिन्याला ३ मिनिटं.

जूनमध्ये हातशिलाईच्या एका युक्तीवरचा ४० सेकंदांचा शॉर्ट जोरात चालला. शॉर्ट्सच्या वाटेने एका महिन्यात १०,००० सबस्क्रायबर आले. घरात पेढे वाटले गेले असतील, आणि त्यात काही चूक नाही. पण आपण जुलैकडे पाहू. शॉर्ट चालला नसता, तर जुन्या चालीनुसार जुलैत सबस्क्रायबरांची ८९,००० मिनिटं अपेक्षित होती. प्रत्यक्षात ९२,००० झाली, म्हणजे ३,००० जास्त. ऑगस्टमध्ये अपेक्षा ९०,५०० ची आणि प्रत्यक्षात पुन्हा ९२,०००, म्हणजे १,५०० जास्त. सप्टेंबरमध्ये अपेक्षा ९२,००० आणि प्रत्यक्षात ९२,५००, फक्त ५०० जास्त. तीन महिन्यांची भर झाली ५,००० मिनिटं, म्हणजे ८३ तास. दहा हजार माणसांत वाटली, तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा मिनिट येतो. मोठ्या व्हिडिओवरून आलेल्या सबस्क्रायबरचे तेवढ्याच काळात ९ मिनिटं होतात. म्हणजे त्या १०,००० जणांची पाहण्यातली किंमत मोठ्या व्हिडिओवरून आलेल्या साधारण ५५५ जणांइतकी ठरली. ताईंना तेवढे एरवी महिन्याभरातच मिळत होते.

असं का होतं, हे माणसाच्या बाजूने पाहिलं की समजतं. शॉर्ट्स सरकवणाऱ्याला ती युक्ती आवडली आणि बटण तिथेच अंगठ्याखाली होतं. त्याने दाद दिली. ब्लाउज शिवायला शिकायचं त्याने ठरवलेलं नव्हतं. उलट अस्तर कसं लावायचं हे शोधत आलेली बाई वीस मिनिटं थांबली, वही काढून मापं लिहून घेतली आणि पुढचा भाग चुकू नये म्हणून तिने सबस्क्रायब केलं. शिवाय सबस्क्रायब केलं म्हणजे प्रत्येक नवा व्हिडिओ समोर येईलच असं नाही. यूट्यूब कुणाला काय दाखवतं, हे त्या माणसाने आधी काय पाहिलं यावर बरंच अवलंबून असतं.

या हिशेबात फसायच्या जागाही आहेत. सगळ्यात मोठी जागा म्हणजे हंगाम. लग्नसराई जवळ आली की ब्लाउजचे व्हिडिओ सगळेच जास्त पाहतात, आणि मग ती वाढ नव्या सबस्क्रायबरांच्या खात्यावर जमा होते. ते ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे सबस्क्राइब न केलेल्यांचा वेळ शेजारी ठेवणं. तोही त्याच प्रमाणात वाढला असेल, तर कारण हंगाम आहे. तो जागचा हलला नसेल आणि सबस्क्रायबरांचाच वाढला असेल, तर भर खरी धरता येते. तुलना मोठ्या व्हिडिओंपुरतीच ठेवायची, हेही महत्त्वाचं. शॉर्ट्सचा वेळ त्यात मिसळला, तर चाललेला शॉर्ट पुन्हा पुन्हा पाहिल्याची मिनिटंच निष्ठा म्हणून मोजली जातात.

दुसरी जागा जरा आडवळणाची आहे. सबस्क्रायबर की इतर, हे पाहण्याच्या त्या क्षणी ठरतं. एखादीने सकाळी सबस्क्राइब न करता एक व्हिडिओ पाहिला, मग बटण दाबलं आणि दुपारी दुसरा पाहिला, तर पहिला इतरांत जातो आणि दुसरा सबस्क्रायबरांत. रोज न चुकता येणाऱ्या जुन्या प्रेक्षकाने आज बटण दाबलं, तर त्याचा नेहमीचाच वेळ एका रकान्यातून दुसऱ्यात सरकतो. चॅनेलला नवं काहीच मिळालेलं नसतं. म्हणून ताईंच्या हिशेबातली ती ९ मिनिटं सबस्क्राइब केल्यामुळे मिळाली, असं मी म्हणणार नाही. त्या वाटेने येणारा माणूस तेवढं पाहतो, एवढंच त्यातून कळतं. उलट्या दिशेनेही एक चूक त्यात आहे. दरमहा १,५०० ची वाढ म्हणजे नव्यांनी आणलेल्या मिनिटांतून, पाहणं सोडून गेलेल्या जुन्यांची मिनिटं वजा होऊन उरलेला आकडा. त्यामुळे नव्याची किंमत ३ पेक्षा जास्तही असू शकते.

वाटेचं नावही शेवटच्या दाराचंच असतं. शॉर्ट पाहून कुणी चॅनेलच्या पानावर गेलं आणि तिथे बटण दाबलं, तर त्याची नोंद चॅनेलच्या पानाखाली होते. म्हणून त्या पानावरून आलेल्यांचा गट मिश्र असतो आणि त्याची वेगळी किंमत काढायच्या फंदात मी पडत नाही.

ताईंच्या शॉर्टचा उपयोग झालाच नाही, असंही नाही. यूट्यूबवर जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४,००० तासांचं पाहणं, ही एक वाट आहे. नवख्या चॅनेलची पहिली अट शॉर्ट एका आठवड्यात पुरी करू शकतो. मात्र शॉर्ट्स फीडमध्ये पाहिलेला वेळ त्या ४,००० तासांत धरत नाहीत, त्यामुळे दुसरी अट मोठ्या व्हिडिओंनाच पुरी करावी लागते.

हे सगळं गणित जमलं, कारण जूनमध्ये एकच नवा नळ सुरू झाला होता. त्याच महिन्यात ताईंनी जाहिरातही चालवली असती आणि एखाद्या मोठ्या चॅनेलवर पाहुण्या म्हणूनही गेल्या असत्या, तर ती ३,००० मिनिटं कुणाची हे सांगता आलं नसतं. जाहिरात करायची असेल, तर त्यांनी ती ऑक्टोबरमध्ये करावी, म्हणजे शॉर्टचा ओघ ओसरलेला असेल. आणि निकाल पाहायला जानेवारीपर्यंत थांबावं.