कलम औषधापुरतंच पडलं तेव्हा

घटनेच्या १३ व्या अनुच्छेदानुसार कायदा मूलभूत हक्कांशी जेवढा विसंगत, तेवढाच शून्य ठरतो. ‘तेवढाच’ म्हणजे नेमका किती, यावरचा खरा गोंधळ मुंबईच्या दारूबंदीने घातला.

१९४९ च्या दारूबंदी अधिनियमावर २५ मे १९५१ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. कायदा टिकला. पण सेवनाला मनाई करणारी तरतूद अल्कोहोलयुक्त औषधं आणि प्रसाधनं यांच्यापुरती पडली. अडचण अशी की मद्याच्या व्याख्येत अल्कोहोल असलेला कुठलाही द्रव बसत होता, औषधाचा वेगळा शब्दच नव्हता. खोडणार काय? कलम कागदावर जसंच्या तसं राहिलं, फक्त ते कशाकशाला लागू होतं याची कक्षा आखडली. विसंगत भाग वेगळा काढून उरलेला कायदा राखायचा, या विभाज्यतेच्या तत्त्वाचं हे रूप पाठ्यपुस्तकांत उगाच दोन ओळींत उरकतात.

परिणाम लगेच फौजदारी कोर्टात दिसला. शहरात एका जीपने पादचाऱ्यांना धडक दिली. चालकाच्या तोंडाला दारूचा वास होता. त्याचा बचाव एवढाच, की आपण अल्कोहोल असलेलं टॉनिक घेतलं होतं. आता सिद्ध कुणी करायचं? कायद्याने दिलेला अपवाद असता, तर तो आरोपीने सिद्ध केला असता. १९५४ मध्ये घटनापीठाच्या बहुमताने सांगितलं की हा अपवाद नव्हे. मोडलेला मूलभूत हक्क फक्त नागरिकांना होता, म्हणून नागरिकांपुरता कलमाचा तेवढा भाग नाहीच असं समजायचं. म्हणजे आरोपीच्या पोटात गेलेलं द्रव्य मनाई असलेलंच होतं, हे सरकार पक्षाने दाखवायचं. नुसत्या वासावरून ते कळत नाही. आरोपी सुटला.

पण ‘नाहीच’ म्हणजे कायमचं पुसलं का? १९५५ मध्ये मध्य प्रांतातल्या, मोटार वाहतूक सरकारकडे घेऊ देणाऱ्या १९४७ च्या कायद्यावर उत्तर आलं: नाही. घटना आल्यावर तो नागरिकांविरुद्ध निष्प्रभ झाला, पण जुन्या व्यवहारांना आणि परकीयांना लागूच होता. १८ जून १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने सरकारी मक्तेदारीला वाट दिली आणि तो नव्याने न करताही नागरिकांवर पुन्हा चालू लागला. हाच ग्रहणाचा सिद्धान्त. पण आधी घडलेल्या गोष्टींना तो कायदा मागून लागला नाही. घटनेनंतर केलेल्या कायद्यांना ही सवलत १९५९ च्या निकालाने नाकारली. ते जन्मतःच मृत, असं त्यात म्हटलं होतं. १९७४ मध्ये ही रेघही पुसट झाली: असा कायदा नागरिकांपुरता शून्य, इतरांवर जिवंत.

दारूबंदीत मात्र विधिमंडळाने ग्रहण सुटण्याची वाट पाहिली नाही. १९५९ मध्ये कलम ६६ ला पोटकलम (२) जोडलं. रक्तात ०.०५ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम अल्कोहोल सिद्ध झालं, की ते औषधातून आलं हे आरोपीने दाखवायचं. १९५४ ला सरकारच्या गळ्यात पडलेलं ओझं असं मागच्या दाराने परत फिरवलं गेलं, पण रक्ततपासणीची किंमत मोजून. अहवाल त्या आकड्याखाली असला, तर सरकार पक्ष पुन्हा १९५४ च्याच जागी उभा राहतो.