एका युनिटची उष्णता पातेल्यात किती रुपयांना पडते?

सोसायटीच्या ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी तो मेसेज येतो: ‘गॅस बंद करा, इंडक्शन घ्या, खर्च निम्मा!’ त्याखाली लगेच दुसरा येतो, इंडक्शनमुळे वीजबिल दुप्पट झाल्याचा. दोघंही खोटं बोलत नसतात, हीच यातली गंमत. शेवटी मी घरच्या पाइपच्या गॅसवर आणि शेजारच्या काकूंकडून आणलेल्या इंडक्शनवर पाणी तापवून पाहिलं.

प्रयोग साधा होता. सपाट तळाचं, झाकण असलेलं स्टीलचं पातेलं घेतलं. त्यात 2 लिटर पाणी 27 अंशांपासून 97 अंशांपर्यंत तापवायचं. एवढ्या पाण्याला नेमकी किती उष्णता लागते हे शाळेतलं सूत्रच सांगतं: 586 किलोज्यूल. विजेचं एक युनिट म्हणजे 3600 किलोज्यूल, म्हणजे पाण्यात प्रत्यक्ष गेले 0.163 युनिट. इंडक्शनला प्लगमध्ये लावायचं छोटं मीटर जोडलं होतं, त्याने 0.20 दाखवलं. म्हणजे 81 टक्के वीज पाण्यापर्यंत पोचली.

गॅसच्या मीटरवर शेवटचे लाल आकडे लिटर दाखवतात. आच मध्यम ठेवली तेव्हा 30 लिटर गॅस गेला. घाई म्हणून आच मोठी केली, ज्वाळा पातेल्याच्या कडेने वर आल्या, तेव्हा 41 लिटर. पाइपच्या गॅसच्या एका घनमीटरात, म्हणजे हजार लिटरमध्ये, साधारण 10 युनिटांची उष्णता असते. त्या हिशेबाने मध्यम आचेवर 55 टक्के कामी आली, मोठ्या आचेवर जेमतेम 40. उरलेली ओट्यावर, भिंतीवर आणि माझ्या कपाळावर.

ज्वाळेची अडचण अशी की ती पातेल्याला थेट उष्णता देत नाही. ती आधी हवा तापवते, ती हवा तळावरून सरकता सरकता थोडी उष्णता सोडते आणि बाकीची घेऊन वर निघून जाते. आच वाढवली की जास्त गरम वायू जास्त वेगाने निसटतो, तळ मात्र तेवढाच राहतो.

इंडक्शनमध्ये ही मधली हवाच नाही, आणि इथे मला थोडं रेंगाळायचं आहे. काचेखाली तांब्याच्या तारेचं चकलीसारखं वेटोळं असतं. त्यातून सेकंदाला वीस-पंचवीस हजार वेळा मागे-पुढे होणारा विद्युतप्रवाह जातो, त्यामुळे वर तेवढ्याच वेगाने बदलणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते पातेल्याच्या तळात शिरलं की धातूत प्रवाहाचे भोवरे उठतात, आणि धातूच्या विरोधामुळे तळ स्वतःच तापतो. शेगडी तापून पातेलं तापत नाही. पातेलंच शेगडी होतं. काच गरम होते ती पातेल्यामुळे.

मग ॲल्युमिनियमचं पातेलं का चालत नाही? तेही विजेचं उत्तम वाहक आहे. अडचण नेमकी तीच आहे! प्रवाह इतक्या वेगाने दिशा बदलत असला की तो धातूच्या आत खोल जात नाही, पृष्ठभागाला चिकटून वाहतो. चुंबकाला चिकटणाऱ्या लोखंडात हा थर एखाद्या कागदाहून पातळ असतो. इतक्या चिंचोळ्या वाटेने, तेही विरोध करणाऱ्या धातूतून जायचं म्हटल्यावर उष्णता निर्माण होणारच. ॲल्युमिनियममध्ये तो थर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, आणि धातूचा विरोधही कमी. प्रवाह रुंद रस्त्यावरून सुखाने निघून जातो. फ्रिजवरचं चुंबक तळाला घट्ट चिकटतं का, ही परीक्षा म्हणून पुरेशी आहे. हे क्षेत्र वर काही सेंटिमीटरमध्येच विरतं. त्याने अन्न ‘किरणोत्सर्गी’ होतं वगैरे सगळं थोतांड. तसंच गॅसच्या नळीला चुंबक बांधून गॅस वाचवणारी यंत्रंही. त्या वायूंवर अशा चुंबकाचा काही परिणाम होत नाही, विकणाऱ्याच्या गल्ल्यावर होतो.

आता पैशांकडे. 14.2 किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण 180 युनिटांची उष्णता असते. ज्वाळेचा 55 टक्क्यांचा हिशेब लावला तर पातेल्यात जातात सुमारे 100. सिलिंडर 850 रुपयांना धरला तर पातेल्यातलं एक युनिट साडेआठ रुपयांना पडलं. पाइपचा गॅस 50 रुपये घनमीटर धरला तर तेच युनिट नऊ रुपयांच्या थोडं वर. आणि इंडक्शनवर? विजेचा दर भागिले 0.81. हाच तो प्रश्न, कारण विजेचा दर एक नसतो.

चौघांच्या घरात सिलिंडर दीड महिना पुरतो असं धरू. म्हणजे महिन्याला पातेल्यात सुमारे 67 युनिटं लागतात. सिलिंडरचा खर्च 570 रुपयांच्या आसपास, पाइपचा गॅस 12 घनमीटर, म्हणजे 610. इंडक्शनवर याच स्वयंपाकाला 83 युनिटं वीज लागेल.

माझं बिल महावितरणचं. त्यात वहन आकार आणि विद्युत शुल्क मिळवून पहिल्या 100 युनिटांना साधारण सात रुपये पडतात, 101 ते 300 मध्ये तेरा. पंखे, फ्रिज, वॉशिंग मशीन यांनीच आमची 130 युनिटं संपलेली असतात. स्वयंपाकाची 83 त्यांच्या डोक्यावर बसतात, म्हणजे सगळी तेराच्या दराने: जवळपास 1080 रुपये. पुष्कळजण इथेच चुकतात. एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागून सरासरी दर काढतात आणि तोच इंडक्शनला लावतात. नव्या युनिटाला मात्र शेवटच्या टप्प्याचा दर लागतो.

ज्यांच्याकडे महिन्याला पंधराच युनिटं जळतात, त्यांची सगळी 83 पहिल्या टप्प्यात बसतील आणि खर्च 580 च्या आसपास येईल, सिलिंडरशी बरोबरी. पण अशा घरात बरेचदा उज्ज्वलाचं कनेक्शन असतं. सिलिंडरवर 300 रुपये अनुदान मिळालं की पातेल्यातलं युनिट साडेपाच रुपयांना पडतं, आणि सिलिंडर पुन्हा पुढे जातो.

थोडक्यात सीमारेषा सात रुपयांच्या आसपास आहे: तुमच्या शेवटच्या युनिटाचा दर त्याखाली असेल तर इंडक्शन, वर असेल तर गॅस. छतावर सोलर असेल तर मात्र दर नव्याने काढावा लागेल.

यालाही एक अपवाद सापडला. दोन कप चहाचं छोटं भांडं मोठ्या बर्नरवर ठेवलं तर अर्ध्याहून जास्त ज्वाळ बाहेरच असते. कार्यक्षमता 35 टक्क्यांवर उतरली तर पाइपच्या गॅसचं युनिट चौदा रुपयांच्या वर जातं, आणि सीमारेषा सातवरून साडेअकरा रुपयांच्या आसपास सरकते. म्हणजे तेराच्या दरानेही इंडक्शन फार मागे राहत नाही. पण आमच्या चहाच्या भांड्याचा तळ एवढा लहान, की इंडक्शनने ते ओळखलंच नाही. टूं टूं करत बंद पडलं. काकूंना शेगडी परत दिली तेव्हा त्यांनी विचारलं, “अहो, मग भाकरी कशावर भाजायची?” तव्यावर होईल, पण विस्तवावर फुगवायला ज्वाळ हवीच, हे मान्य करून मी जिना उतरलो.