कॅरॅमल कस्टर्ड

दूध, अंडी आणि साखर यांचे मिश्रण तळाशी करपवलेल्या साखरेचा थर दिलेल्या भांड्यात घट्ट बसवून, उलटे करून वाढला जाणारा गोड पदार्थ. फ्रान्समध्ये याला क्रेम कारामेल म्हणतात. मुंबईच्या इराणी हॉटेलांत तो कॅरॅमल कस्टर्ड नावाने मिळतो, तर गोव्यात बहुतेक जण त्याला कॅरॅमल पुडिंग म्हणतात. कस्टर्ड पावडरीचे कस्टर्ड मक्याच्या पिठाने दाटते. ते वेगळे. इथे दाटपणा येतो तो फक्त अंड्यामुळे, आणि या पदार्थाची सारी नजाकत नि सारी डोकेदुखी त्यातूनच येते.

नुसते अंडे ६५ ते ७० अंशांच्या आसपास घट्ट होऊ लागते. दूध आणि साखर मिसळली की ही मर्यादा वर सरकते आणि मिश्रण साधारण ८० अंशांच्या सुमारास बसते. त्याच्या पुढे थोडेच अंश गेले की अंड्यातील प्रथिने जास्त आवळली जातात आणि पिळल्यासारखे पाणी बाहेर पडते. म्हणून भांडे थेट आचेवर किंवा कोरड्या ओव्हनमध्ये ठेवत नाहीत, पाण्यात ठेवतात. ओव्हन १६० अंशांवर असला तरी ट्रेमधले पाणी शंभरापुढे जाऊ शकत नाही. उघड्या ट्रेमधून वाफ निघत राहिल्याने ते त्याहून बरेच खाली राहते.

सहा इंची डब्यासाठी अर्धा लिटर दूध, चार अंडी आणि सुमारे ९० ग्रॅम साखर घेतात. कॅरॅमलसाठी चार चमचे साखर आणि एक चमचा पाणी वेगळे. साखर विरघळल्यावर ढवळू नये, नाहीतर पुन्हा खडे धरतात. भांडे नुसते फिरवावे. कोऱ्या चहाचा रंग आला की लगेच कोरड्या डब्यात ओतावी. रंग फिका राहिला तर नुसता गोड पाक होतो, काळपट झाला तर कडू. थंड होताना ती तडतडते, त्याची काळजी नको. दूध बोट बुडवता येईल इतपतच कोमट करावे. अंडी फेस न येऊ देता साखरेबरोबर कालवावीत, कारण फेसाचे बुडबुडे कस्टर्डात तसेच अडकतात. मग दूध घालून गाळावे. व्हॅनिला किंवा जायफळ घातले की अंड्याचा वास दबतो.

ओव्हनमध्ये करायचे तर ट्रेत खाली फडके अंथरून डबा ठेवावा, डब्याच्या निम्म्या उंचीपर्यंत कढत पाणी ओतावे आणि १५० ते १६० अंशांवर ४५ ते ५५ मिनिटे भाजावे. थंड पाणी घातले तर वेळेचे गणित कोलमडते.

महाराष्ट्रात बहुतेक घरी मात्र कस्टर्ड खरवसासारखे वाफवले जाते : मोदकपात्रात, किंवा शिटी काढलेल्या कुकरमध्ये. ही वाफ ओव्हनच्या पाण्यापेक्षा कडक. ती डब्यावर पाणी होऊन जमते आणि जमताना भरपूर उष्णता सोडते, म्हणून वेळ कमी लागतो आणि चुकायला वाव जास्त. डब्याला घट्ट झाकण किंवा फॉइल हवे, नाहीतर झाकणाचे थेंब वर पडून खळगे होतात. पाण्याला उकळी आल्यावर डबा ठेवून आच मंद करावी. पाणी खदखदायला नको. जपानमध्ये अंड्याचे चावानमुशी वाफवताना झाकणाखाली काडी ठेवून फट राखतात, ती युक्ती इथेही लागू पडते. मोठ्या डब्याला ३० ते ३५ मिनिटे, लहान वाट्यांना १५ ते २० मिनिटे लागतात.

हे आकडे अंदाजाचेच. डब्याचा धातू आणि मिश्रणाची खोली यांनी वेळ बदलतो, म्हणून शेवटच्या दहा मिनिटांत घड्याळापेक्षा डब्याकडे पाहावे. डबा हलकेच हलवला की कड स्थिर दिसते आणि मधला रुपयाएवढा किंवा थोडा मोठा भाग जेलीसारखा एकसंध थरथरतो, तेव्हा उतरवावे. मध्ये लाट उठत असेल तर अजून कच्चे आहे. कड आणि मध्य यांच्या मधोमध सुरी खुपसून पाहावी. ती स्वच्छ आली की पुरे. अगदी मध्यातून स्वच्छ यावी म्हणून थांबणे ही नेहमीची चूक आहे : बाहेर काढल्यावरही आतल्या उष्णतेने मधला भाग शिजत राहतो.

जास्त शिजल्याची खूण कापल्यावर कळते. बाजूंना जाळी पडते, घास अंड्याच्या भुर्जीकडे झुकतो आणि ताटलीत कॅरॅमलबरोबर पांचट पाणी उतरते. जाळीदार खरवस आवडीने खाणारेही कस्टर्डातली जाळी दोषच मानतात. कच्चे निघाले तर उपाय सोपा, पुन्हा पाच-सात मिनिटे वाफवायचे. जाळी पडलेल्यावर उपाय नाही.

थंड झाल्यावर किमान सहा तास, शक्यतो रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावे. तेवढ्या वेळात काचेसारखे कडक झालेले कॅरॅमल कस्टर्डातील ओलाव्याने विरघळून रस होते. कडेने सुरी फिरवावी, खोलगट ताटली वर धरून डबा झटकन उलटा करावा. तळाला थोडी साखर चिकटून राहतेच. डब्यात दोन चमचे पाणी घालून मंद आचेवर ती सोडवता येते.