क्रिएटीन, आयबीएस आणि वीस ग्रॅमचा घोळ

ताकद वाढवायला जिममध्ये घेतात त्या क्रिएटीन पावडरीच्या बहुतेक डब्यांवर मागच्या बाजूला एक सूचना असते: पहिले 5 ते 7 दिवस रोज 20 ग्रॅम, चार वेळा विभागून, आणि नंतर रोज 3 ते 5 ग्रॅम. जिममध्ये याला ‘लोडिंग’ म्हणतात. ज्यांना आयबीएस म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम आहे, पोट मुळातच नाजूक आहे, चहा जरा कडक झाला तरी ज्यांना संडासाकडे धावावं लागतं, त्यांचं क्रिएटीनशी बिनसतं ते बहुधा याच आठवड्यात. चार दिवसांत जुलाब लागतात, डबा कपाटात जातो आणि ‘आयबीएसवाल्यांनी क्रिएटीन घेऊ नये’ असा निष्कर्ष निघतो. पण हा 20 ग्रॅमचा आकडा आला कुठून, हे पाहिलं की दोष पावडरीचा किती आणि घाईचा किती हे जरा वेगळं दिसू लागतं.

क्रिएटीन हा जुना पदार्थ आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी 1832 मध्ये तो मांसातून वेगळा काढला आणि मांसाला असलेल्या ग्रीक शब्दावरून त्याला नाव दिलं. तो स्नायूत नेमकं काय करतो हे कळायला मात्र जवळजवळ शंभर वर्षं गेली. 1927 मध्ये हार्वर्डमध्ये सायरस फिस्के आणि आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी फॉस्फोक्रिएटीन शोधलं. जोराच्या, काही सेकंदांच्या कामात स्नायूला ऊर्जा पुरवणारा हा साठा. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एगल्टन दांपत्यही त्याच्यापर्यंत पोचलं होतं. आपल्याकडे सुब्बारावांचं नाव इतर औषधांमुळे थोडंफार घेतलं जातं, जिमच्या गप्पांत मात्र कधीच नाही.

20 ग्रॅमची कहाणी सुरू होते 1992 मध्ये. रॉजर हॅरिस, कारीन सोडरलुंड आणि एरिक हुल्टमन यांना एक साधा प्रश्न होता: तोंडाने घेतलेलं क्रिएटीन माणसाच्या स्नायूत पोचतं का? 1 ग्रॅम दिल्यावर रक्तातली पातळी जेमतेम हलली. 5 ग्रॅम दिल्यावर ती चांगली चढली आणि काही तासांत उतरली. म्हणून त्यांनी 5 ग्रॅमची मात्रा दिवसातून चार ते सहा वेळा दिली आणि काही दिवसांतच स्नायूतला साठा वाढलेला दाखवला. प्रयोगशाळेला लवकर उत्तर हवं होतं, तेवढ्यासाठी ही मात्रा होती. ते क्रिएटीन गरम पेयात विरघळवून दिलं जाई, ही बारीक गोष्ट पुढे सगळेच विसरले. त्याच वर्षी बार्सिलोना ऑलिंपिकमधल्या काही ब्रिटिश धावपटूंनी क्रिएटीन घेतल्याची बातमी आली, पुढच्या वर्षी अमेरिकेत डबे विकायला आले, आणि प्रयोगाची मात्रा डब्यावरची सूचना होऊन बसली.

चार वर्षांनी, 1996 मध्ये, हुल्टमन आणि सहकाऱ्यांनीच दुसरी बाजू दाखवली. रोज 20 ग्रॅम घेऊन सहा दिवसांत स्नायूतलं क्रिएटीन जेवढं वाढतं, साधारण तेवढंच रोज फक्त 3 ग्रॅम घेऊन 28 दिवसांत वाढतं. मुक्काम तोच, रस्ता सावकाश. आयबीएसच्या माणसासाठी या सगळ्या इतिहासात याहून उपयोगी वाक्य नाही. पण ‘महिनाभर थांबा’ असं छापून डबा खपत नाही.

त्याच वर्षी आणखी एक भानगड झाली. क्रिएटीनच्या प्रत्येक मात्रेबरोबर नव्वदेक ग्रॅम साखर दिली तर ते स्नायूत अधिक जातं, असं एका ब्रिटिश प्रयोगात दिसलं. लगेच बाजारात गोड, रंगीत, फळांच्या चवीची मिश्रणं आली. नंतर साखर कमी करायची म्हणून काहींत झायलिटॉल, सॉर्बिटॉल, इन्युलिन शिरलं. यातले सॉर्बिटॉल आणि इन्युलिन हे आयबीएसमध्ये पोट फुगवण्याबद्दल कुप्रसिद्ध आहेत. शिव्या मात्र क्रिएटीनने खाल्ल्या.

आता पोटात काय होतं ते बघू. क्रिएटीन लहान आतड्यातून ठराविक वाहकांमार्फत शोषलं जातं आणि त्या वाहकांची क्षमता मर्यादित असते. एकदम जास्त आलं, किंवा न विरघळलेला खडा आला, तर उरलेलं क्रिएटीन आतड्यातच पाणी ओढून धरतं. ज्याचं पोट शांत आहे त्याला हे जाणवतही नाही. आयबीएसमध्ये गोष्ट वेगळी. 1973 मध्ये रिची नावाच्या संशोधकांनी मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात छोटा फुगा फुगवून पाहिला. तेवढ्याच फुग्याने आयबीएसच्या रुग्णांना इतरांपेक्षा कितीतरी जास्त वेळा दुखलं. ताण तोच, जाणीव वेगळी. म्हणून मित्राला 5 ग्रॅम पचले म्हणजे तुम्हालाही पचतील असं नाही.

विरघळण्याचं गणित घरी सहज दिसतं. फ्रिजच्या पाण्यात, 4 अंशांना, एका लिटरमध्ये सुमारे 6 ग्रॅम क्रिएटीन विरघळतं. 20 अंशांना 14 ग्रॅम, 50 अंशांना 34. म्हणजे 200 मिलिलिटर गार पाण्यात 5 ग्रॅम टाकले, तर विरघळतात सव्वा ग्रॅमच्या आसपास. बाकीचं वाळूसारखं तळाशी बसतं, आणि शेकर हलवून शेवटचा घोट घेतला की ते पोटात जातं. तेच 3 ग्रॅम 200 मिलिलिटर कोमट पाण्यात ढवळले, की मिनिटभरात पेला स्वच्छ दिसतो. तळाशी कण दिसत असतील तर पिऊ नका, आणखी पाणी घाला. फक्त सकाळी करून संध्याकाळपर्यंत ठेवू नका, पाण्यात क्रिएटीनचं हळूहळू क्रिएटिनीन हा निरुपयोगी पदार्थ होत जातं.

मात्रेच्या बाबतीत एक जुना प्रयोग बोलका आहे. 2008 मध्ये सर्बियातल्या संशोधकांनी फुटबॉलपटूंना 28 दिवस एकतर 5 ग्रॅम दोन वेळा, किंवा 10 ग्रॅम एकाच वेळी दिलं. एकदम 10 ग्रॅम घेणाऱ्यांत जुलाबाची तक्रार 55 टक्क्यांच्या पुढे गेली. विभागून घेणाऱ्यांत ती 29 टक्क्यांच्या आसपास होती, आणि खोटी पावडर घेणाऱ्यांत 35. हा शेवटचा आकडा पुन्हा वाचा. क्रिएटीनचा कणही न घेता तिघांतल्या एकाला जुलाब होत होते. हे निरोगी खेळाडू. आयबीएसमध्ये तर चांगले आणि वाईट दिवस एरवीही येत-जात असतात, तेव्हा आधीची नोंद नसेल तर क्रिएटीन दोषी की निर्दोष हे ठरवायला काही आधारच उरत नाही. खुद्द आयबीएसच्या रुग्णांवर क्रिएटीनची मोठी चाचणी झालेली नाही. उंदरांतला कोलायटिस आणि क्रिएटीन यावर आशा दाखवणारं काम झालं आहे, पण तो आतड्याच्या सुजेचा आजार, आयबीएस नव्हे. हे दोन्ही एक समजून लिहिलेले लेख सरसकट फिरत असतात.

माझ्या मावसभावाचं उदाहरण सांगतो. वय 34, शाकाहारी, आयबीएसचा जुलाबाकडे झुकणारा प्रकार. शाकाहाऱ्यांच्या स्नायूत क्रिएटीन मुळात कमी असतं, म्हणून फरक जास्त जाणवण्याची शक्यता, असं ऐकून त्याने डबा आणला. (बाजारातलं क्रिएटीन कारखान्यात रसायनांपासून बनतं, त्यात मांस नसतं.) पहिला प्रयत्न अर्थातच लोडिंगचा, फ्रिजच्या पाण्यात, आणि त्याच दिवशी दुधापासून बनणारं नवीन व्हे प्रोटीनही सुरू. तिसऱ्या दिवशी ऑफिसमधून दोनदा पळायची वेळ आली. त्याला विचारलं, दोष कोणाचा? त्याला सांगता येईना, मलाही नाही. साध्या व्हे कॉन्सन्ट्रेटमध्ये दुधातली साखर, लॅक्टोज, असतं, आणि दूध त्याला तसंही सोसत नाही.

दुसऱ्या वेळी आम्ही आधी दोन आठवडे काहीच बदललं नाही, फक्त वही ठेवली. रोज चार गोष्टी: दुखणं शून्य ते दहा, फुगणं शून्य ते दहा, किती वेळा जावं लागलं, आणि ब्रिस्टल तक्त्यावरचा क्रमांक. या तक्त्यात 1 म्हणजे कडक खडे, 4 नीट, 7 निव्वळ पाणी. त्याचं सरासरी दुखणं 3 निघालं आणि आठवड्यात दोनेक दिवस क्रमांक 6. हे त्याचं नेहमीचं पोट. बाईमाणसाने ही नोंद एक पूर्ण पाळीचक्र ठेवावी, कारण पाळीच्या आसपास आयबीएस एरवीही बिघडतो.

मग साधं, चव नसलेलं क्रिएटीन मोनोहायड्रेट, घटकांच्या यादीत दुसरं काहीच नाही. डब्यातल्या चमच्यावर विश्वास ठेवला नाही, कारण दाबून भरलं की त्यात बरंच जास्त मावतं. दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा वापरला. पहिला आठवडा रोज 1 ग्रॅम, दुसरा 2, तिसरा 3, आणि कायम दुपारच्या जेवणानंतर कोमट पाण्यात. व्हे बंद, चहा-कॉफी नेहमीइतकीच, इसबगोलही जसं चालू होतं तसंच. थांबायचा नियम आधीच लिहून ठेवला: दुखणं नेहमीपेक्षा दोन अंकांनी वाढून, किंवा क्रमांक 6-7 येऊन, सलग दोन दिवस राहिलं तर क्रिएटीन बंद, आठवडाभर थांबायचं, आणि आधीच्या पायरीपासून पुन्हा सुरुवात. त्याच पायरीवर दुसऱ्यांदा तेच झालं तर क्रिएटीनवर शिक्का. एकदाच झालं तर नाही.

तिसऱ्या आठवड्यात बिघडलंच. वहीत पाहिलं तर आदल्या रात्री लग्नाचं जेवण, आणि सकाळी घाईत क्रिएटीन उपाशीपोटी घेतलेलं. आठवडा थांबून 2 ग्रॅमवर आला, मग 3 वर, जेवणानंतरच. दुसऱ्यांदा काही झालं नाही. तो आता 3 वरच आहे. 5 वर जायचा त्याचा हट्ट होता, पण त्याच्या 70 किलो वजनाला त्याने फार काही वाढलं नसतं. बिघडलेल्या दिवसांत सरळ बंद ठेवतो. स्नायूतला साठा ओसरायला महिन्याच्या आसपास लागतो, त्यामुळे पाच-सात दिवसांचा खंड पडला तरी मिळवलेलं जात नाही. ‘पोटाला सौम्य’ म्हणून विकलं जाणारं क्रिएटीन हायड्रोक्लोराइड महाग पडतं आणि पाण्यात लवकर विरघळतं खरं, पण कोमट पाण्यातल्या 3 ग्रॅम मोनोहायड्रेटचा तो प्रश्न आधीच सुटलेला असतो.

किडनीचा आजार असेल, गरोदरपण असेल, तर हा प्रयोग डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करू नये. रक्त तपासताना क्रिएटीन चालू असल्याचं सांगावं, कारण त्याने क्रिएटिनीन थोडं वर दिसू शकतं आणि उगाच किडनीची धास्ती बसते. आणि शौचात रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, वजन घटणं, रक्त कमी होणं यातलं काही असेल तर वही बाजूला ठेवून आधी पोटाच्या डॉक्टरकडे जायचं. ही लक्षणं आयबीएसची नव्हेत.