५६ किलोओहमचा रेझिस्टर: फास्ट चार्जिंगच्या केबलमागची गोष्ट

यूएसबी मुळात चार्जिंगसाठी जन्मालाच आली नव्हती. कीबोर्ड, माऊस, प्रिंटर जोडायचे, आणि त्यांना चालण्यापुरती थोडी वीज द्यायची, एवढंच तिचं काम. यूएसबी २.० च्या नियमात संगणकाचा पोर्ट ५ व्होल्टवर जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर देणार, म्हणजे जेमतेम अडीच वॅट. फोनच्या बॅटऱ्या मोठ्या होत गेल्या तसा प्रश्न उभा राहिला की भिंतीतला चार्जर यापेक्षा जास्त देऊ शकतो, हे फोनला कळणार कसं?

सुरुवातीचं उत्तर साधं होतं. केबलमधल्या डेटाच्या दोन तारा चार्जरच्या आत एकमेकींना जोडून टाकायच्या. फोन त्या तपासतो, जोडलेल्या दिसल्या की समजतो की समोर संगणक नाही, चार्जर आहे, आणि दीड अँपिअरपर्यंत प्रवाह खेचतो. २०१० च्या बॅटरी चार्जिंग १.२ या नियमावलीत हेच आहे. अॅपलनं मात्र त्याच तारांवर ठरावीक व्होल्टेज ठेवून स्वतःची वेगळी खूण केली. त्यामुळे एका कंपनीचा चार्जर दुसऱ्या कंपनीच्या फोनला अनेकदा ओळखूच येत नसे आणि चार्जिंग रांगत चाले. त्यानं वैताग यायचा, पण धोका नव्हता. खूण पटली नाही तर फोन कमी खेचतो, आणि हे तत्त्व आजही बहुतेक ठिकाणी लागू आहे.

नंतर वेगाची चढाओढ लागली आणि दोन वाटा फुटल्या. क्वालकॉमच्या क्विक चार्ज २.० नं व्होल्टेज वाढवलं. आधी नेहमीची ओळख पटते, मग फोन डेटाच्या तारांवर ठरलेली व्होल्टेजची जोडी ठेवून ९ किंवा १२ व्होल्ट मागतो. ओप्पोनं २०१४ मध्ये व्हूक आणताना उलटा रस्ता धरला. व्होल्टेज पाचाच्याच आसपास, पण प्रवाह चार अँपिअरच्या वर. व्होल्टेज उतरवण्याचं काम चार्जरमध्येच होत असल्यानं त्यातली उष्णता फोनच्या बाहेर राहते. त्याची किंमत केबलला मोजावी लागते, कारण तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पाव ओहम रोध असलेल्या केबलमधून २ अँपिअर गेले तर तिच्यात १ वॅट उष्णता होते. ४ अँपिअर गेले तर ४ वॅट. म्हणून व्हूकची केबल जाड आणि खास जुळणीची. साधी केबल लावली की फोन गुपचूप साध्या चार्जिंगवर येतो.

इथपर्यंत जुळलं नाही तर नुकसान फक्त वेळेचं होत होतं. खरी गडबड टाइप-सीनंतर झाली.

ऑगस्ट २०१४ च्या टाइप-सी नियमावलीत सीसी नावाची वेगळी पिन आली. किती प्रवाह उपलब्ध आहे हे चार्जर या पिनवर सांगतो, तेही एका रेझिस्टरनं. चार्जरकडून ५ व्होल्टकडे जाणारा रेझिस्टर ५६ किलोओहमचा असेल तर अर्थ 'नेहमीइतकाच घे', २२ चा असेल तर 'दीड अँपिअर', १० चा असेल तर 'तीन अँपिअर'. फोनच्या बाजूला ५.१ किलोओहमचा रेझिस्टर जमिनीकडे, म्हणजे ग्राउंडकडे, जोडलेला असतो. दोन्ही मिळून व्होल्टेजची वाटणी होते आणि फोन पिनवरचं व्होल्टेज मोजतो. ५६ असेल तर सुमारे ०.४२ व्होल्ट, २२ असेल तर ०.९४, १० असेल तर जवळजवळ १.७. हिशेब सरळ आहे आणि चुकायला फारशी जागा नाही.

अडचण जुन्या चौकोनी टाइप-ए पोर्टची. त्याला सीसी पिनच नाही. त्यामुळे एका टोकाला ए आणि दुसऱ्या टोकाला सी असलेल्या केबलमध्ये हा रेझिस्टर केबलच्या आतच बसवावा लागतो, म्हणजे चार्जरच्या वतीनं केबलच बोलते. तिला पलीकडे काय जोडलंय हे ठाऊक नसतं, म्हणून नियम असा की तिनं नेहमी ५६ चाच रेझिस्टर लावायचा आणि सर्वांत कमीचंच आश्वासन द्यायचं. २०१५ मध्ये बाजारात आलेल्या कितीतरी केबलींमध्ये मात्र १० चा होता.

आता अशी केबल तीन अँपिअर खेचू शकणाऱ्या फोनला लावा आणि दुसरं टोक संगणकाच्या जुन्या पोर्टमध्ये घाला. फोनला पिनवर १.७ व्होल्ट दिसतात. तो खुशाल तीन अँपिअर मागतो, कारण त्याच्या दृष्टीनं समोरच्यानं तसं कबूल केलं आहे. पोर्ट मात्र अर्ध्या अँपिअरसाठी बनवलेला. चांगल्या पोर्टचं संरक्षण लगेच वीज तोडतं. स्वस्त हब किंवा चार्जरमध्ये ते संरक्षण नसेल तर व्होल्टेज घसरतं, आतले भाग तापतात, पोर्ट कायमचा जाऊ शकतो. लक्षात घ्या, यात फोन बहुधा शाबूत राहतो. मार बसतो तो वीज देणाऱ्याला. 'फोन तर ठीक आहे, म्हणजे केबल ठीक आहे' हा निष्कर्ष म्हणूनच चुकीचा.

गूगलचे अभियंता बेन्सन लेउंग यांनी नोव्हेंबर २०१५ पासून ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या अशा केबली एकेक तपासून त्यांचे निकाल जाहीरपणे लिहायला सुरुवात केली. वनप्लसनं आपल्या केबलमध्ये चुकीचा रेझिस्टर असल्याचं त्याच महिन्यात मान्य करून पैसे परत देऊ केले. फेब्रुवारी २०१६ मध्ये लेउंग यांच्या हाती आलेल्या एका केबलमध्ये तर वीज आणि ग्राउंड यांच्या तारा उलट जोडलेल्या होत्या. तपासणीत त्यांच्या लॅपटॉपचे टाइप-सी पोर्ट बंद पडले. पुढच्याच महिन्यात अॅमेझॉननं नियमावलीत न बसणाऱ्या टाइप-सी केबली विकायला मनाई केली.

पॉवर डिलिव्हरी या यूएसबीच्याच जलद चार्जिंगच्या पद्धतीनं ही बोलणी रेझिस्टरवरून संदेशांवर नेली. सी ते सी केबलमध्ये चार्जर आपल्या व्होल्ट आणि अँपिअरची यादी पाठवतो, फोन त्यातलं एक निवडतो, चार्जर होकार देतो, मगच व्होल्टेज वर जातं. म्हणून ६५ वॅटचा चार्जर २५ वॅटच्या फोनला लावल्यानं काही बिघडत नाही, ताकद किती घ्यायची हे फोन ठरवतो. उलट नाराजी वेगळ्याच कारणानं होते. २०१७ मध्ये पॉवर डिलिव्हरीत पीपीएस आलं, ज्यात व्होल्टेज २० मिलिव्होल्टच्या बारीक पायऱ्यांनी बदलता येतं. सॅमसंगचं २५ वॅट चार्जिंग त्यावरच चालतं. चार्जर कितीही मोठा असो, त्याच्यात पीपीएस नसेल तर तो फोन खालच्या वेगावर येतो. चार्जरवरच्या बारीक अक्षरांत ५, ९, १५ अशा ठाम आकड्यांखेरीज '३.३ ते ११ व्होल्ट' अशी पट्टी छापलेली असेल तर पीपीएस आहे असं समजायला हरकत नाही.

केबलची भूमिका इथंही संपत नाही. तीन अँपिअरपर्यंत कोणतीही सी ते सी केबल चालायला हवी. त्यापुढे मात्र केबलमध्ये ई-मार्कर नावाची चिप लागते. चार्जर तिला आधी विचारतो आणि ती 'पाच अँपिअर' म्हणाली तरच तेवढा प्रवाह देऊ करतो. चिप नसेल तर सगळं तीनवर थांबतं, त्यात धोका काही नाही. काळजी करण्यासारखी गोष्ट आहे चिपवर पाच लिहिलेलं असताना आतलं तांबं बारीक असणं. अशा केबलचा प्लग पूर्ण वेगानं चार्जिंग चालू असताना हाताला चटका बसण्याइतका तापतो, किंवा टोकाचं प्लास्टिक पिवळं, मऊ पडतं. यूएसबी मीटर मध्ये लावलं तर चार्जरच्या टोकाशी आणि फोनच्या टोकाशी व्होल्टेजमध्ये किती फरक पडतो ते वाचता येतं. तीन अँपिअरवर तो फरक पाऊण व्होल्ट असेल तर केबलमध्येच सव्वादोन वॅट जळताहेत.

युरोपीय संघानं २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना टाइप-सी सक्तीचं केलं आणि जलद चार्जिंग असेल तिथं पॉवर डिलिव्हरीही. कंपन्यांना स्वतःच्या पद्धती ठेवायला मुभा आहे, फक्त त्यांच्यामुळे पॉवर डिलिव्हरीचा पूर्ण वेग अडायला नको. ए ते सी केबलीतला रेझिस्टर मात्र कुठल्याच संदेशात दिसत नाही. दहा वर्षांपूर्वीची एखादी केबल अजून वापरात असेल, तर ती फोनला आजही तीन अँपिअरचंच आश्वासन देत असेल.