लवंगेचा वास कुणाला घाबरवतो, कुणाला सुखावतो : गंध आणि आठवणीच्या नात्यामागचा इतिहास

दाताच्या दवाखान्यात शिरलं की एक ठरावीक वास येतो. त्यात मोठा वाटा युजेनॉल या रसायनाचा असतो. लवंगेला तिचा वास येतो तोही मुख्यतः युजेनॉलमुळेच. झिंक ऑक्साइडची पूड युजेनॉलमध्ये कालवून केलेला लगदा दंतवैद्य तात्पुरत्या फिलिंगसाठी वापरतात, म्हणून हा वास तिथे भरून राहिलेला असतो. १९९८ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी काही लोकांना युजेनॉल हुंगायला दिलं आणि त्या वेळी त्यांची नाडी, त्वचेतला घामामुळे होणारा बदल अशा गोष्टी मोजल्या. दाताच्या उपचारांची भीती नसलेल्यांना वास आवडला आणि त्यांची शरीरंही आनंदाच्या खुणा दाखवत होती. भीती बाळगणाऱ्यांना मात्र तोच वास नकोसा झाला आणि त्यांच्या शरीरांनी भीतीसारख्या नकारात्मक भावनांची चिन्हं दाखवली.

वास एकच होता, फरक होता तो आधीच्या अनुभवात. हा अनुभव वासाला चिकटतो कसा, हे समजायला मेंदूविज्ञानाला शंभराहून अधिक वर्षं लागली, आणि वाटेत एक मोठी चूकही झाली. तो इतिहास जाणून घेण्यासारखा आहे. त्याआधी युजेनॉलचा प्रवास पाहू.

हवेत तरंगणारे युजेनॉलचे रेणू श्वासाबरोबर नाकात जातात. वास ओळखणाऱ्या चेतापेशी नाकपुड्यांच्या अगदी वर, छताजवळच्या काही चौरस सेंटिमीटर अस्तरात असतात. शांतपणे श्वास घेताना तिथपर्यंत थोडीच हवा पोचते, म्हणून एखादा वास नीट घ्यायचा असला की आपण आपोआप हुंगतो. मसालेभात चावताना दुसरा रस्ताही उघडा असतो : तोंडातले रेणू घशामागून वर नाकात चढतात. आपण ज्याला लवंगेची चव म्हणतो, तिचा बराचसा भाग हा मागच्या दाराने आलेला वासच असतो. सर्दी झाली की जेवण बेचव का लागतं, त्याचंही कारण हेच.

रेणू अस्तरावरच्या ओल्या श्लेष्मात विरघळतात आणि चेतापेशींच्या बारीक केसांवरच्या ग्राहकांना, म्हणजे रिसेप्टरांना भिडतात. हे रिसेप्टर कसे असतात, ते लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ साली उंदरांच्या एका जातीत शोधून काढलं. त्यांना जनुकांचं एक प्रचंड कुटुंब सापडलं, सुमारे हजार जनुकांचं. माणसात त्यांतली चारशेच्या आसपास चालू स्थितीत आहेत. या कामाला २००४ साली नोबेल मिळालं. प्रत्येक पेशीवर साधारणपणे एकाच प्रकारचा रिसेप्टर असतो, पण एक रिसेप्टर अनेक रेणूंना दाद देतो आणि एक रेणू अनेक रिसेप्टरांना जागं करतो. त्यामुळे ‘लवंग’ अशी एक स्वतंत्र पेशी नाकात कुठेही नाही. कोणते रिसेप्टर एकाच वेळी किती जागे झाले, त्या नक्षीतून मेंदू लवंग ओळखतो.

या पेशींचे धागे नाकाच्या छतावरच्या पातळ, सच्छिद्र हाडातून वर मेंदूत शिरतात आणि घ्राणकंदात, म्हणजे ऑल्फॅक्टरी बल्बमध्ये पोचतात. (डोक्याला जोराचा मार बसला तर हे धागे त्या हाडापाशीच तुटू शकतात आणि वास कायमचा जाऊ शकतो.) एकसारखा रिसेप्टर असलेल्या सगळ्या पेशींचे धागे घ्राणकंदात ठरलेल्या एकेका गुच्छात एकत्र येतात. तिथून निघालेला संदेश सरळ मेंदूच्या खालच्या, आतल्या भागात जातो : वासाची नक्षी वाचणारा पिरिफॉर्म कॉर्टेक्स, भावनांशी, विशेषतः भीतीशी जोडलेला अमिग्डाला, आणि ज्यातून पुढे आठवणी घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पसकडे वाट जाते तो एन्टोरायनल कॉर्टेक्स.

डोळा, कान, त्वचा यांचे संदेश मेंदूच्या बाह्यपटलात जाण्याआधी थॅलॅमस नावाच्या केंद्रातून जातात. वासाची पहिली धाव थॅलॅमसला वळसा घालते. नाकातली पेशी आणि अमिग्डाला यांच्यात मध्ये दोनच जोड असतात. वास नेमका कशाचा आहे, हा विचार करणाऱ्या कपाळामागच्या भागाकडे संदेश जातो खरा, पण तोवर भावनेच्या केंद्राला बातमी लागलेली असते. दवाखान्याच्या दारात छातीत आधी धडधडतं आणि ‘हा तो वास’ हे नंतर लक्षात येतं, त्याचं मूळ या रचनेत आहे.

ही रचना कुणी एकाने एका दिवसात शोधलेली नाही. पॅरिसचे शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी १८७८ साली सस्तन प्राण्यांच्या मेंदूंची तुलना करताना मेंदूच्या आतल्या काठाने फिरणारा एक पट्टा वेगळा काढला आणि त्याला मोठा लिंबिक खंड म्हटलं. हा भाग मुख्यतः वासाचा आहे, अशी त्यांची समजूत होती. माणसात घ्राणकंद एकूण मेंदूच्या मानाने बारका दिसतो आणि कपाळामागचा भाग मोठा, हे पाहून त्यांनी माणसाला कमी वास येणाऱ्या प्राण्यांत टाकलं. हे त्यांनी वासाची चाचणी घेऊन ठरवलं नव्हतं, मेंदूच्या आकारावरून ठरवलं होतं. तरी ‘माणसाचं नाक कच्चं’ हा समज पुस्तकांतून पुढे सव्वाशे-दीडशे वर्षं चालत राहिला. २०१७ साली जॉन मॅकगॅन यांनी पुरावे तपासून तो खोडून काढला : माणसाचा घ्राणकंद प्रत्यक्ष मापाने लहान नाही आणि त्यातल्या चेतापेशींची संख्याही इतर सस्तन प्राण्यांच्या तोडीची आहे.

वास आणि मनःस्थिती यांची गाठ मात्र ब्रोकांच्याच काळात दुसरीकडे उकलू लागली होती. लंडनमध्ये ह्युलिंग्ज जॅक्सन हे डॉक्टर अपस्माराच्या रुग्णांचं बारकाईने निरीक्षण करत. त्यांच्या काही रुग्णांना झटका येताना आसपास काहीच नसताना घाणेरडा वास यायचा आणि त्याच वेळी स्वप्नात असल्यासारखं वाटायचं. १८८९ साली त्यांनी आणि चार्ल्स बीव्हर यांनी स्वयंपाकीण म्हणून काम करणाऱ्या एका बाईची अशीच हकिगत प्रसिद्ध केली. तिच्या मृत्यूनंतर उजव्या कानशिलाआडच्या मेंदूत गाठ आढळली. नसलेला वास आणि बदललेलं भान एकाच जागच्या बिघाडातून उद्भवतात, हे यातून प्रथमच ठळकपणे पुढे आलं. मला या सगळ्या इतिहासात हा टप्पा फार मोलाचा वाटतो, कारण कोणतंही यंत्र हाताशी नसताना केवळ रुग्णाचं बोलणं नीट ऐकून तो गाठला गेला.

आता ती मोठी चूक. ब्रोकांनंतर या आतल्या भागांना सरसकट ‘वासाचा मेंदू’ म्हणण्याची पद्धत पडली आणि हिप्पोकॅम्पसही त्यातच मोजला जाई. १९३७ साली अमेरिकेतल्या जेम्स पेपेझ यांनी हिप्पोकॅम्पस हा भावनांच्या वर्तुळाचा भाग असल्याचं मांडलं. १९४७ साली नॉर्वेच्या आल्फ ब्रोडाल यांनी जुने पुरावे एकत्र करून दाखवलं की हिप्पोकॅम्पसला वासाचं केंद्र मानायला आधार नाही. वासाचं इंद्रियच नसलेल्या डॉल्फिनलाही हिप्पोकॅम्पस असतो, हा त्यांतला एक मुद्दा होता. मग हिप्पोकॅम्पस करतो काय?

उत्तर १९५३ सालच्या एका शस्त्रक्रियेतून मिळालं, आणि त्याची किंमत एका माणसाने आयुष्यभर मोजली. अपस्माराने बेजार झालेल्या हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाच्या मेंदूतून विल्यम स्कोव्हिल यांनी दोन्ही बाजूंचे अमिग्डाला, हिप्पोकॅम्पसचा बराच भाग आणि लगतचा भाग काढला. झटके कमी झाले, पण नव्या घटनांची आठवण ठेवण्याची क्षमता गेली. ब्रेंडा मिल्नर यांनी केलेल्या चाचण्यांतून हिप्पोकॅम्पस हे आठवणी घडवण्याचं ठिकाण ठरलं, आणि वासाचा विषय मागे पडला.

१९८३ साली मोलेसन यांच्या वासाची नीट तपासणी झाली तेव्हा निघालेला निष्कर्ष विलक्षण होता. वास आला की नाही, हे ते सांगू शकत. कोणता वास तीव्र आणि कोणता मंद, हेही त्यांना कळे. पण एक वास देऊन ‘मगाचा तो हाच का?’ असं विचारलं की त्यांना सांगता येत नसे, आणि नेहमीच्या वस्तू फक्त वासावरून ओळखता येत नसत. त्याच वस्तू डोळ्यांनी पाहून ते ओळखत. नाक आणि घ्राणकंद शाबूत असूनही वासाला ओळख राहिली नव्हती. हिप्पोकॅम्पस वासाचं इंद्रिय नाही, हे ब्रोडाल यांचं म्हणणं बरोबर होतं. पण वासाला अर्थ येतो तो त्याच शेजारात, हेही मोलेसन यांच्यामुळे कळलं.

यानंतर संशोधकांनी आठवणीच तपासायला घेतल्या, आणि इथे एक गैरसमज दूर करायला हवा. वासाने जागी झालेली आठवण अधिक अचूक असते, असं अनेकांना वाटतं. रेचल हर्ट्झ यांच्या प्रयोगांत तसं आढळलं नाही. तीच आठवण शब्दाने किंवा चित्राने जागवली तरी तपशील साधारण तेवढेच खरे निघतात. वासाने जागलेल्या आठवणीत भावना अधिक दाट असते आणि आपण परत त्या जागी गेलो आहोत, असं जास्त वाटतं. ही दाट भावनाच आपल्याला अचूकतेचा भास करून देते, म्हणून वासाने परत आलेली आठवण कितीही जिवंत वाटली तरी तिला साक्षीपुरावा मानता येत नाही.

दुसरा निष्कर्ष वयाचा. २००६ साली स्वीडनमधल्या योहान विलँडर आणि मारिया लार्सन यांनी वृद्धांना शब्द, चित्रं आणि वास देऊन आठवणी विचारल्या. शब्द आणि चित्रांनी बहुतेक दहा ते वीस वर्षांच्या वयातल्या आठवणी वर आणल्या. वासाने आणलेल्या आठवणी बहुतांशी दहा वर्षांच्या आतल्या होत्या. एवढ्या जुन्या आठवणी टिकण्यामागे वासाची एक खोड दिसते : त्याच्याशी पहिली जी गोष्ट जोडली जाते, ती नंतरच्या गोष्टींनी सहसा पुसली जात नाही. १९७७ साली हॅरी लॉलेस आणि ट्रिग एन्गेन यांनी हे प्रयोगाने दाखवलं. २००९ साली इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेत मेंदूचं चित्रण करताना दिसलं की एखाद्या वस्तूशी पहिल्यांदा जोडला गेलेला वास हिप्पोकॅम्पसमध्ये खास ठसा उमटवतो. नंतर जोडलेला वास तसा ठसा उमटवत नाही. आवाजांच्या बाबतीत हा फरक आढळला नाही.

म्हणूनच ज्या मुलाने लवंग आधी घरच्या मसाल्यात हुंगली आणि ज्याने ती आधी दवाखान्यात हुंगली, त्या दोघांची मोठेपणीची लवंग वेगवेगळी असू शकते. अमुक सुगंध मन शांत करतोच, अशा जाहिराती वाचताना हे ध्यानात ठेवावं : वासाचा मनावर होणारा परिणाम बाटलीतल्या रेणूपेक्षा बरेचदा हुंगणाऱ्याच्या पूर्वानुभवावर ठरतो.